कर भरला, पण २६एएसमध्ये दिसत नाही: चलन कुठे अडकलं हे कसं शोधायचं

खात्यातून पैसे गेले, पावतीही हातात आली. चार दिवसांनी २६एएस उघडलं तर त्यात ॲडव्हान्स टॅक्स किंवा सेल्फ असेसमेंट टॅक्सची एकही ओळ नाही. दर वर्षी जून ते सप्टेंबर आणि पुन्हा मार्चअखेरीस हाच प्रश्न विचारला जातो. पैसे खरोखरच हरवलेत असं फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा आपण चुकीच्या ठिकाणी बघत असतो, नाहीतर चलन चुकीच्या वर्षात जाऊन बसलेलं असतं. म्हणून घाबरून दुसऱ्यांदा कर भरण्याआधी पुढच्या क्रमाने तपासा.

आधी: बघताय ते पान बरोबर आहे का?

निम्म्याहून अधिक गोंधळ इथेच मिटावा. आकारणी वर्ष २०२३-२४ पासून २६एएसमध्ये फक्त टीडीएस आणि टीसीएसशी संबंधित माहिती येते. स्वतः भरलेला ॲडव्हान्स टॅक्स आणि सेल्फ असेसमेंट टॅक्स तिथून काढून एआयएसमध्ये, म्हणजे वार्षिक माहिती विवरणपत्रात नेला आहे. जुन्या २६एएसमध्ये ‘भाग सी’ असायचा, त्यात चलनं दिसायची. सवयीने अजूनही लोक तोच भाग शोधतात आणि तो सापडला नाही की कर पोचलाच नाही असं धरून चालतात. आकारणी वर्ष २०२२-२३ किंवा त्याआधीचं चलन शोधत असाल तर मात्र २६एएसच बघा.

त्यामुळे incometax.gov.in वर लॉगिन केल्यावर वरच्या पट्टीतल्या AIS वर जा, वर्ष निवडा आणि `Payment of Taxes` हा टॅब उघडा. इथे एक बारीक फरक लक्षात ठेवायचा: २६एएसमध्ये वर्ष निवडताना आकारणी वर्ष विचारतात, एआयएसमध्ये आर्थिक वर्ष. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या उत्पन्नावरचा कर शोधायचा तर २६एएसमध्ये २०२५-२६ निवडावं लागतं आणि एआयएसमध्ये २०२४-२५. दोन्हीकडे २०२५-२६ निवडलं तर एका ठिकाणी रिकामं पान दिसणारच.

योग्य पानावर, योग्य वर्षात बघूनही नोंद नसेल तर किती दिवस झालेत ते बघा. बँकेकडून विभागाकडे आणि तिथून एआयएसमध्ये नोंद उमटायला साधारण दोन-तीन कामाचे दिवस जातात. मध्ये शनिवार-रविवार किंवा सण आला, किंवा विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेची गर्दी असली, तर आणखी थोडं लांबतं. आठवडा उलटला तरी काही नाही, तर आता चलनाकडे वळायचं.

चलन तयार झालं होतं का?

बँकेचा एसएमएस हा कर भरल्याचा पुरावा नाही. खात्यातून पैसे वजा होणं आणि चलनाची पावती तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोर्टलवर `e-File` मधून `e-Pay Tax` उघडा. तिथे तीन टॅब दिसतात: `Saved Drafts`, `Generated Challans` आणि `Payment History`. यातलं तुमचं चलन कुठे आहे यावरून बरंच काही कळतं.

चलन `Payment History` मध्ये असेल आणि तिथून पावती उतरवता येत असेल, तर कर विभागाकडे पोचलेला आहे. यापुढे प्रश्न फक्त नोंदीचा. पावती लगेच उतरवून ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर तिच्यावरचेच आकडे लागणार आहेत.

चलन अजून `Generated Challans` मध्येच असेल तर तुमच्याकडे फक्त सीआरएन आहे, म्हणजे पैसे भरण्यासाठी तयार झालेला १४ अंकी संदर्भ क्रमांक. पैसे मिळाल्याची खूण वेगळी असते, तिला सीआयएन म्हणतात. पावतीवर सीआयएन नसेल, किंवा तुम्ही जपून ठेवलेला कागद सीआरएनचा असेल, तर ती पावती नव्हेच. सीआरएन १५ दिवस चालतो, मग बाद होतो. ॲडव्हान्स टॅक्ससाठी १६ मार्च किंवा त्यानंतर तयार केलेला सीआरएन मात्र ३१ मार्चलाच संपतो.

पैसे गेलेत पण चलन अजून भरलेलं दिसत नाही, अशा वेळी लगेच नवा सीआरएन काढून पुन्हा पैसे भरायची घाई करू नका. नेट बँकिंग किंवा गेटवेतून भरताना मधेच पान तुटलं की बँकेचं उत्तर पोर्टलपर्यंत उशिरा पोचतं. अर्धा तास थांबून `Payment History` पुन्हा बघा. तरीही काही नसेल तर बँकेच्या व्यवहार क्रमांकासह बँकेकडे चौकशी करा. व्यवहार फसला असेल तर पैसे खात्यात परत येतात, सफल झाला असेल तर चलन बनतं. शेवटच्या तारखेच्या रात्री मात्र इतका धीर परवडत नाही आणि दुसऱ्यांदा भरावंच लागतं. मग पुढे दोन्ही चलनं पक्की झाली तर विवरणपत्रात दोन्ही दाखवा, जादा रक्कम परताव्यात येते.

आरटीजीएस किंवा एनईएफटीने भरणाऱ्यांची अडचण वेगळी. पोर्टल जो मँडेट फॉर्म देतं त्यावरचा खाते क्रमांक आणि रक्कम तंतोतंत तशीच पाठवावी लागते. हे खातं त्या एका चलनापुरतंच असतं. गेल्या वेळचं सेव्ह केलेलं लाभार्थी खातं वापरलं, किंवा रुपयाचा जरी फरक पडला, तर रक्कम तुमच्या बँकेकडे परत जाते. चार दिवसांनी खात्यात तेवढीच रक्कम जमा दिसली तर कर भरलाच गेला नाही असं समजायचं.

चलन चुकीच्या वर्षात गेलं असेल तर

पावती पक्की आहे, आठवडा झाला आहे, तरी नोंद नाही. अशा वेळी पावतीवरची Assessment Year ही ओळ सगळ्यात आधी वाचा. सर्वाधिक चुका इथे होतात, आणि त्याचं कारण सरळ आहे. सेल्फ असेसमेंट टॅक्स आपण वर्ष संपल्यावर भरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कर भरताना डोक्यात चालू वर्ष, २०२५-२६, असतं. त्याला ‘आर्थिक वर्ष’ समजून त्याच्या पुढचं आकारणी वर्ष २०२६-२७ निवडलं जातं. प्रत्यक्षात कर २०२४-२५ च्या उत्पन्नाचा असतो आणि हवं असतं आकारणी वर्ष २०२५-२६.

एक उदाहरण धरू. सल्लागार म्हणून काम करणाऱ्या एका करदात्याचा २०२४-२५ चा कर, व्याज धरून, ३८,६४० रुपये बाकी निघतो. विवरणपत्राची मुदत १५ सप्टेंबर २०२५ (ऐनवेळी ती एक दिवस वाढून १६ सप्टेंबर झाली). तो ९ सप्टेंबरला ३८,६४० रुपये भरतो, पण आकारणी वर्ष निवडतो २०२६-२७. १२ तारखेला विवरणपत्र भरायला बसतो तर आपोआप भरलेल्या माहितीत चलन नाही. एआयएसमध्ये २०२४-२५ चा कर भरणा रिकामा. वर्ष बदलून २०२५-२६ उघडलं तर ३८,६४० ची ओळ तिथे ऐटीत बसलेली. शेजारचं वर्ष उघडून बघणं ही या दुखण्याची सर्वांत जलद तपासणी.

आता त्याच्यापुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे ऑनलाइन दुरुस्ती. पोर्टलवर `Services` मध्ये `Challan Correction` आहे. त्यात आकारणी वर्ष बदलता येतं, पण चलन भरल्यापासून फक्त ७ दिवसांत. आपल्या उदाहरणात ही मुदत १६ सप्टेंबरला संपते. विनंती आधार ओटीपीने किंवा ईव्हीसीने पडताळायची आणि त्याच जागी तिची स्थिती बघत राहायची. ज्या चलनाचा कर आधीच कुठल्या विवरणपत्रात वळता झाला आहे, त्याला ही सोय मिळत नाही, आणि एका चलनाची ऑनलाइन दुरुस्ती एकदाच होते. त्यामुळे वर्षही चुकलंय आणि प्रकारही, असं असेल तर विनंती पाठवण्यापूर्वी पावतीवरची प्रत्येक ओळ पुन्हा वाचा.

अडचण अशी की दुरुस्ती मंजूर होऊन नोंद हलेपर्यंत विवरणपत्राची मुदत निघून जाऊ शकते. विनंती देऊन लगेच विवरणपत्र भरलं तर चालतं, पण दुरुस्ती होण्याआधी प्रक्रिया झाली तर ३८,६४० रुपयांची मागणी निघेल. ती नंतर सुधारता येते, पण तेवढा त्रास नक्की.

दुसरी वाट आमच्या मते अशा वेळी जास्त सोपी आहे: हातात पैसे असतील तर योग्य वर्ष निवडून ३८,६४० रुपये पुन्हा भरायचे आणि पहिलं चलन जिथे आहे तिथेच राहू द्यायचं. ९ आणि १२ सप्टेंबर एकाच महिन्यात असल्याने कलम २३४बी चं व्याज वाढत नाही, कारण ते महिन्याला एक टक्का या दराने लागतं आणि अपुरा महिनाही पूर्ण धरतात. पहिलं चलन आकारणी वर्ष २०२६-२७ मध्ये जमा आहे, तर पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात तेच वापरायचं. विवरणपत्रात चलनाचा प्रकार विचारत नाहीत, तारीख विचारतात. ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम ॲडव्हान्स टॅक्स म्हणून आणि त्यानंतरची सेल्फ असेसमेंट म्हणून मोजली जाते. म्हणजे ९ सप्टेंबर २०२५ चे ३८,६४० रुपये पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात १५ सप्टेंबर २०२५ च्या ॲडव्हान्स टॅक्सच्या हप्त्यात धरले जातील. मात्र ही वाट धरलीत तर वर्ष बदलायची विनंती पाठवू नका, नाहीतर दोन्ही चलनं एकाच वर्षात येऊन बसतील.

सात दिवस उलटून गेले, दुसऱ्यांदा भरायला पैसेही नाहीत, तर मग करनिर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज. पोर्टलवरच्या `Know Your AO` मधून अधिकारी कोण ते कळतं. अर्जात पॅन, पावतीवरचा बँक शाखेचा बीएसआर कोड, भरल्याची तारीख आणि चलन क्रमांक, रक्कम, सध्या नोंदलेलं वर्ष आणि हवं असलेलं वर्ष लिहा, पावतीची प्रत जोडा, आणि हे चलन दुसऱ्या कुठल्याही विवरणपत्रात वापरलेलं नाही असं स्पष्ट नमूद करा. त्या शेवटच्या वाक्याशिवाय अर्ज बहुधा प्रश्नांसह परत येतो.

वर्षाबाबत आणखी एक सापळा आता तयार झाला आहे. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि त्यात ‘कर वर्ष’ ही कल्पना आली आहे. त्यामुळे ‘२०२६-२७’ या एकाच आकड्याचे दोन अर्थ होतात: आकारणी वर्ष २०२६-२७ म्हणजे २०२५-२६ चं उत्पन्न, आणि कर वर्ष २०२६-२७ म्हणजे त्याच वर्षाचं उत्पन्न. जुलै २०२६ मध्ये मागच्या वर्षाचा सेल्फ असेसमेंट टॅक्स भरणारा आणि चालू वर्षाचा ॲडव्हान्स टॅक्स भरणारा, दोघांच्याही डोळ्यांसमोर तोच आकडा येऊ शकतो. आकडा बघून निवडू नका, आकड्याच्या आधी लिहिलेला शब्द बघा.

वर्ष बरोबर, पण प्रकार किंवा पॅन चुकला

प्रकार म्हणजे मायनर हेड: १०० ॲडव्हान्स टॅक्स, ३०० सेल्फ असेसमेंट, ४०० विभागाने काढलेल्या मागणीचा भरणा. १०० आणि ३०० मधली अदलाबदल फारशी नडत नाही, कारण वर म्हटल्याप्रमाणे विवरणपत्रात तारीखच विचारतात. ४०० मध्ये गेलेली रक्कम मात्र सुधारून घ्या, कारण तिची वाट मागणीच्या दिशेने जाते. मायनर हेड आणि मेजर हेड या दोन्हींच्या ऑनलाइन दुरुस्तीला चलनाच्या तारखेपासून ३० दिवस मिळतात. वैयक्तिक करदात्याचं मेजर हेड ००२१, कंपन्यांचं ००२०.

पावतीवर टॅक्स, सरचार्ज, सेस, व्याज अशी फोड असते. ती चुकीच्या रकान्यांत भरली म्हणून काळजी नको, एकूण रक्कम धरली जाते.

पॅन चुकण्याचा प्रकार घरातल्या दुसऱ्या माणसाचा कर भरताना होतो. स्वतःच्या लॉगिनमध्ये शिरून आईचा किंवा पत्नीचा कर भरला की चलन आपल्याच पॅनवर बसतं, कारण लॉगिननंतर पॅन बदलताच येत नाही. ही चूक ऑनलाइन सुटत नाही, करनिर्धारण अधिकाऱ्याकडेच जावं लागतं, आणि ज्याच्या पॅनवर रक्कम गेली त्याचं संमतीपत्र जोडलेलं बरं. दुसऱ्याचा कर भरायचा तर लॉगिन न करता मुख्य पानावरचं `e-Pay Tax` वापरा, तिथे पॅन दोनदा टाकावा लागतो.

नोंद यायची वाट न बघता विवरणपत्र भरायचं असेल तर

पावती पक्की आणि वर्ष बरोबर असेल तर एआयएसची वाट बघत मुदत घालवण्यात अर्थ नाही. विवरणपत्रात कर भरण्याच्या तक्त्यात चलन हाताने घालता येतं. लागतात तीन आकडे आणि रक्कम. पावतीवर ते साधारण असे दिसतात (आकडे नमुन्याचे आहेत):

```
BSR Code        : 0123456
Date of Deposit : 09-Sep-2025
Challan No      : 00417
```

बीएसआर कोड ७ अंकी, चलन क्रमांक ५ अंकी. दोन्हींच्या सुरुवातीची शून्यं लिहायलाच हवीत. एक्सेलमध्ये उतरवून ठेवणाऱ्यांची शून्यं गळतात आणि `417` उरतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे चलन क्रमांकाच्या जागी सीआरएन किंवा बँकेचा व्यवहार क्रमांक टाकणं. पावतीवर आकडे बरेच असतात, पण Challan No असं लिहिलेलाच घ्यायचा. तारीख पावतीवरची घ्या, सीआरएन काढल्याची नको. आदल्या दिवशी चलन तयार करून दुसऱ्या दिवशी पैसे भरलेत तर या दोन तारखा वेगळ्या असतात.

विवरणपत्राचा मसुदा कर भरण्याआधी सुरू केला असेल तर त्यातली आपोआप आलेली माहिती जुनीच राहते, एआयएसमध्ये नोंद आली तरी. मसुदा काढून टाकून नव्याने सुरू करा किंवा चलन हाताने घाला. मात्र दोन्ही करू नका. हाताने घातलेलं चलन आणि नंतर आपोआप आलेलं तेच चलन, अशा दोन ओळी राहिल्या तर एकच रक्कम दोनदा मागितल्यासारखं होतं. सादर करण्याआधी भरलेल्या कराची एकूण रक्कम पावत्यांच्या बेरजेशी जुळवा.

मागणीची सूचना आलीच तर

विवरणपत्राची प्रक्रिया झाल्यावर कलम १४३(१) च्या सूचनेत दोन रकाने समोरासमोर असतात: तुम्ही दाखवलेला कर आणि विभागाने मान्य केलेला. चलनाची रक्कम डावीकडे आहे आणि उजवीकडे शून्य, तर कारण दोनांपैकी एक: एखादा आकडा चुकला, किंवा तेव्हा चलन त्या वर्षात नव्हतं.

प्रक्रिया अजून झालेली नसेल तर सुधारित विवरणपत्र भरून आकडा दुरुस्त करा. झाली असेल तर `Services` मधल्या `Rectification` मध्ये जा. आकडा तुम्हीच चुकवला असेल तर `Tax credit mismatch correction` निवडून तो सुधारा. तुमचे आकडे आधीपासून बरोबर असतील आणि चलन नंतर योग्य वर्षात आलं असेल तर `Reprocess the return` पुरतं. पण त्याआधी एआयएसमध्ये चलन त्या वर्षात खरोखर दिसतंय याची खात्री करा. नोंद हलण्याआधी पाठवलेली विनंती पुन्हा त्याच मागणीवर येऊन थांबते, आणि मागणीला उत्तर देताना `Disagree with demand` निवडून चलनाचे तपशील जोडायचं काम तोवर डोक्यावर राहतं.